‘मध्यम नैराश्य’ : रोजचे शब्द आणि आजारांची नावे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वालचंदनगरचे एक टर्नर माझ्याकडे आले. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस. त्यांचा थोरला मुलगा माझ्याकडे मराठी शिकला, म्हणून मला ‘सर’ म्हणतात. खिशातून त्यांनी चौघडी केलेला एक कागद काढला. एका आरोग्य तपासणी शिबिरात रक्तदाब, साखर, वजन यांच्या नोंदीखाली एक ओळ छापली होती : ‘मानसिक आरोग्य : मध्यम नैराश्य (गुण ११).’

“सर, कुणाला सांगू नका. पण याचा अर्थ काय?”

अर्थ त्यांच्या घराने आधीच लावला होता. त्यांच्या पत्नीला ‘नैराश्य’ हा शब्द वर्तमानपत्रातून माहीत होता आणि तिथे तो बहुधा एकाच वाक्यात येतो : ‘नैराश्यातून जीवन संपवले’. कागद वाचल्यापासून ती त्यांना विहिरीवर एकटे जाऊ देत नव्हती. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. हा कागद पाहुण्यांच्या हाती लागला तर काय, या विचाराने दोघांचीही झोप गेली होती. टर्नरना मात्र मुळात एवढेच वाटत होते की तीन आठवडे सलग रात्रपाळी झाल्यामुळे आपण थकलो आहोत.

पुढे त्या तपासणीपत्रिकेचे मराठी नीट करण्यासाठी एका डॉक्टर मित्रांनी मला मदतीला बोलावले. त्या कामात जे कळले ते या लेखात मांडतो. इंग्रजीत स्ट्रेस, अँक्झायटी आणि डिप्रेशन या तिन्ही शब्दांना दोन-दोन अर्थ आहेत, एक बोलण्यातला आणि एक दवाखान्यातला. मराठीत आणताना हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की काय होते, हे त्या चौघडी केलेल्या कागदावर दिसत होते. (टर्नर आणि पुढे येणाऱ्या बाई यांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.)

ताण : मुळात यंत्रशाळेतला शब्द

तिघांपैकी ‘स्ट्रेस’ हा शब्द वालचंदनगरच्या माणसाला समजावणे सर्वांत सोपे. साखर कारखान्याभोवती वसलेले आणि पुढे साखरयंत्रे, बॉयलर, गिअरबॉक्स घडवणारे हे गाव. इथे पोलादाच्या दांड्यावर भार टाकला तर काय होते, हे समजावून सांगावे लागत नाही. यंत्रविज्ञानात स्ट्रेस म्हणजे दर चौरस एककावर पडणारे बल आणि स्ट्रेन म्हणजे त्यामुळे वस्तूच्या आकारात झालेला बदल. एक बाहेरच्या भाराचे माप, दुसरे आत झालेल्या फरकाचे.

हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटे टिपण छापले. थंडी, जखम, विष अशी वेगवेगळी संकटे आली तरी प्राण्यांच्या शरीरातून उमटणारा प्रतिसाद एकाच साच्याचा असतो, असे त्यात म्हटले होते. पुढे या प्रतिसादाला त्याने ‘स्ट्रेस’ हे नाव दिले. खरे तर भारामुळे आत जे घडते त्याला यंत्रशाळेत स्ट्रेन म्हणतात. आपले इंग्रजी बरे असते तर आपण दुसरा शब्द निवडला असता, असे सेल्येने पुढे स्वतःच कबूल केले. तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून इंग्रजीत बाहेरचा भार आणि आतला परिणाम दोन्हींना एकच शब्द आहे.

मराठीने हा गोंधळ जसाच्या तसा घेतला. ‘ताण’ म्हणजे कामाचा बोजाही आणि त्या बोजाने झालेली मनाची ओढाताणही. ‘टेन्शन’चेही तेच. ‘टेन्शन आलंय’ म्हणताना हप्ता भरायची तारीख सांगितली जाते, पोटात आलेला गोळाही सांगितला जातो. बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. पण तपासणीपत्रिकेत ‘तुम्हाला ताण आहे का?’ असे विचारले तर उत्तर नेमके कशाचे मिळाले हे कळत नाही. उसाचे बिल थकलेला शेतकरी ‘आहे’ म्हणेल, तो रात्री गाढ झोपत असला तरी.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की स्ट्रेस हे आजाराचे नावच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ताणाशी जोडलेले काही विशिष्ट आजार आहेत. भीषण प्रसंगानंतर महिनोन्महिने त्याच प्रसंगाच्या आठवणींनी छळणारा आजार हा त्यातला एक. मात्र नुसता ‘ताण’ असा आजार तिथे नाही. मोठ्या आघातानंतर काही दिवस होणारी तीव्र घालमेलसुद्धा आताच्या अकराव्या आवृत्तीत आजारांत धरलेली नाही. म्हणून कागदावर ‘ताण : आढळला’ असे लिहिणे म्हणजे ‘वजन : आढळले’ असे लिहिण्यासारखे आहे.

यंत्रशाळेतली आणखी एक गोष्ट इथे उपयोगी पडते. मर्यादेच्या आतला भार काढला की दांडा मूळ लांबीवर येतो. मर्यादा ओलांडली की भार काढल्यावरही थोडा ताणलेलाच राहतो. टर्नरना मी हेच विचारले, “रात्रपाळी संपल्यावर सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?” ते म्हणाले, “दोन दिवस झोप मिळाली की गडी ताजातवाना.” हे उत्तर कागदावरच्या गुणांइतकेच बोलके होते. अर्थात उपमा इथपर्यंतच चालते. पोलाद स्वतःहून पूर्ववत होत नाही, माणूस उपचाराने होतो. आणि काही माणसांना, वर कुठलाही मोठा भार नसताना, आतून आजार होतो.

काळजी : घ्यायची आणि करायची

अँक्झायटीसाठी पुस्तकी मराठीत ‘चिंता’ आहे आणि घरात ‘काळजी’. मराठी ‘काळजी’ मोठी चमत्कारिक आहे. ‘काळजी घे’ हा निरोप आहे, ‘काळजी करू नको’ हा दिलासा आहे. घेतलेली काळजी हा गुण, केलेली काळजी हा त्रास. आई मुलीची काळजी करते म्हणजे ती चांगली आई आहे, असेच आपण समजतो. त्यामुळे ‘तुम्हाला फार काळजी वाटते का?’ या प्रश्नाला बायका जवळजवळ अभिमानाने ‘हो’ म्हणतात, आणि पत्रिकेत आजार नसताना गुण चढतात.

चिंतेचा आजार ओळखताना डॉक्टर काळजीचा विषय पाहत नाहीत, काळजी आवरता येते का ते पाहतात. चिंतेसाठी वापरली जाणारी सात प्रश्नांची पत्रिका २००६ साली तयार झाली. तिच्यातला दुसरा प्रश्न अगदी हाच आहे : काळजी थांबवता येत नाही, ताब्यात ठेवता येत नाही, असे किती दिवस झाले? मुलगा पुण्याहून रात्री उशिरा निघाला आणि तो पोचेपर्यंत जीव टांगणीला लागला, तर ती काळजी. तो पोचला, जेवला, झोपला, तरी छातीत धडधड तशीच. मग उद्याच्या पाण्याच्या पाळीची, मग सुनेच्या बाळंतपणाची, मग कशाची ते सांगता येत नाही अशी. आणि हे आठवडेच नव्हे तर महिनोन्महिने चालले असेल, तर तो आजार असू शकतो. अशा माणसाला ‘काळजी करू नका’ म्हणणे निरुपयोगी. त्याला तेच तर जमत नाही.

म्हणून मराठीत हा प्रश्न नामाने न विचारता क्रियेने विचारावा, असे आमचे ठरले. ‘तुम्हाला चिंता आहे का?’ याऐवजी ‘एकदा काळजीचा विचार सुरू झाला की थांबवूनही थांबत नाही, असं होतं का?’ मोडनिंबच्या मावशी असोत की बारामतीचे प्राध्यापक, हे वाक्य कुणालाही परत समजावावे लागत नाही. ते ऐकून कुणी दचकतही नाही, कारण त्यात आजाराचे नावच नाही.

नैराश्य : एका लक्षणाचे नाव सगळ्या आजाराला

सर्वांत अवघड शब्द तिसरा. डिप्रेशनला मराठीत नैराश्य, औदासीन्य, खिन्नता, अवसाद असे शब्द सुचवले गेले. ‘अवसाद’ हिंदीत रुळला, मराठी कानाला तो परकाच वाटतो. ‘औदासीन्य’ ज्या ‘उदासीन’वरून आला त्याचा अर्थ मुळात ‘अलिप्त’ असा आहे. आपल्या अध्यात्माच्या भाषेत उदासीन असणे हा दोष नसून साधना आहे. उरला ‘नैराश्य’, आणि वर्तमानपत्रांनी तोच उचलला.

पण नैराश्य म्हणजे आशा नसणे. डिप्रेशन या आजाराची लक्षणे नऊ-दहा आहेत आणि आशा संपणे हे त्यांपैकी फक्त एक. आजाराचा गाभा दोन लक्षणांत आहे : मन सतत खिन्न असणे, किंवा ज्यात एरवी मन रमे त्यात ते न रमणे. या दोहोंपैकी एक तरी हवे. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयी अपराधी वाटणे, हालचाली मंदावणे, मृत्यूचे विचार अशी इतर लक्षणे मिळून किमान पाच असावी लागतात. ती निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असावी लागतात, आणि त्यामुळे रोजचे काम अडायला हवे. आता ज्याला सगळे बेचव झाले आहे पण जो ‘निराश’ नाही, त्याला तुम्ही नैराश्य सांगितले तर तो म्हणतो, “मी कुठे निराश आहे? मुलं चांगली आहेत, शेत चांगलं आहे.” आणि तो परत येत नाही. उलट परीक्षेत कमी गुण मिळालेली मुलगी दोन दिवस खरोखर निराश असते, आणि तिला आजार नसतो. म्हणजे हा शब्द दोन्हीकडून फसवतो.

त्यातच ‘विकृती’ची भर पडते. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अँक्झायटी डिसऑर्डरला ‘चिंता विकृती’ म्हटलेले सापडते. गंमत अशी की विज्ञानाच्या परिभाषेत यंत्रशाळेतल्या स्ट्रेनलाही ‘विकृती’च म्हणतात. तिथे हा शब्द निरुपद्रवी आहे, आकारातला बदल एवढाच त्याचा अर्थ. पण गावात ‘विकृत माणूस’ म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकातला पारिभाषिक अर्थ रुग्णाच्या कानापर्यंत पोचत नाही, शिवी मात्र पोचते. याच धातूपासून आलेला ‘विकार’ हा शब्द वेगळे आयुष्य जगला. हृदयविकार, त्वचाविकार म्हणताना कुणी माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवत नाही. म्हणून जिथे आजाराचे नाव घ्यावेच लागते तिथे ‘चिंताविकार’ किंवा त्याहून सरळ ‘चिंतेचा आजार’ म्हणावे. डिप्रेशनला आम्ही ‘उदासीचा आजार’ म्हटले आणि सोबत ‘डिप्रेशन’ हा शब्दही देवनागरीत ठेवला, कारण औषधाच्या दुकानात आणि पुढच्या डॉक्टरकडे तोच ओळखला जातो. ‘आजार’ हा शब्द जोडल्याने दोन गोष्टी होतात. नुसती उदासी रोजच्या बोलण्यात मोकळी राहते, आणि आजार म्हटला की उपचार असतो, हेही आपोआप सांगितले जाते.

अकरा गुणांचा हिशेब

आता टर्नरच्या कागदाकडे परत येऊ. ज्या पत्रिकेवर त्यांना ११ गुण मिळाले ती नऊ प्रश्नांची, २००१ पासून जगभर वापरली जाणारी पत्रिका. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक तक्रार किती दिवस होती, याला ० ते ३ गुण : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पुढे पंधरा आणि वीस अशा पायऱ्या.

त्यांचे गुण असे होते. मन न रमणे १, मन खिन्न असणे १, झोप ३, थकवा ३, भूक १, स्वतःविषयी वाईट वाटणे ०, लक्ष न लागणे १, हालचाल मंदावणे १, मृत्यूचे विचार ०. अकरांपैकी सहा गुण झोप आणि थकवा या दोन प्रश्नांतून आले, आणि तीन आठवडे रात्रपाळी केलेल्या माणसाला ते येणारच. गाभ्याच्या दोन प्रश्नांपैकी एकही ‘निम्म्याहून जास्त दिवस’ या पायरीला पोचला नव्हता. म्हणजे बेरीज ‘मध्यम’ असली तरी आजाराची मूळ अटच पुरी होत नव्हती. बेरजेकडे पाहणाऱ्याला हे दिसत नाही. उत्तरे वाचणाऱ्याला लगेच दिसते.

दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा. ही पत्रिका ज्यांनी तयार केली त्यांच्या अभ्यासात दहा ही सीमा धरली तेव्हा आजारी माणसांपैकी ८८ टक्के सापडली, आणि आजार नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर बाजूला राहिली. चाचणी चांगलीच म्हणायची. आता समजा गावातल्या हजार माणसांपैकी पन्नास जणांना खरोखर उदासीचा आजार आहे. त्यांतले ४४ सापडतील. उरलेल्या साडेनऊशेपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांचे गुणही दहाच्या वर जातील. एकूण १५८ जणांच्या कागदावर ‘मध्यम’ किंवा त्याहून वरचा शेरा येईल आणि त्यांतल्या ४४ जणांनाच आजार असेल. सुमारे चारातला एक. बाकीचे तिघे आमच्या टर्नरसारखे.

यात पत्रिकेचा दोष नाही. ती चाळणी आहे. कोणाशी आणखी बोलायला हवे एवढेच ती सांगते. दोष त्या छापील ओळीचा होता. ‘गुण ११’ हे चाळणीचे उत्तर, आणि ‘मध्यम नैराश्य’ हे निदान. मधली पायरी, म्हणजे डॉक्टरने समोर बसवून बोलणे, वगळून पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारली होती. रक्तातली साखर एकदा वाढलेली दिसली तर आपण ‘पुन्हा तपासा’ म्हणतो, लगेच ‘मधुमेह’ छापत नाही. इथेही तसेच लिहायला हवे होते.

दुसरी बाजू

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग ही कठीण नावे टाकूनच द्यावीत, सगळ्याला ‘ताण’ म्हणावे, कुणी घाबरणार नाही. मीही सुरुवातीला तसाच झुकलो होतो. एका बाईंनी मला थांबवले.

कालव्याच्या बाजूच्या एका वस्तीवरच्या त्या पन्नाशीच्या बाई. आशाताईंनी विचारले, “मावशी, काही ताण आहे का?” त्या म्हणाल्या, “ताण कुणाला नसतो बाई?” आणि पत्रिका तिथेच मिटली. त्यांची तक्रार होती हातपाय गळाल्याची, डोके जड असल्याची. त्यासाठी त्यांनी वर्षभरात तीन दवाखाने केले होते, सलाइन लावून घेतली होती, शक्तीची औषधे घेतली होती.

नव्या मराठीतली पत्रिका घेऊन आशाताई पुन्हा गेल्या. या वेळी ‘ताण’ हा शब्द त्यात नव्हता. जुन्या पत्रिकेत ‘गोष्टी करण्यात रस वाटत नाही’ असे होते. उसाच्या मुलखात या ‘रस’वर एक आजी हसल्याही होत्या. नव्यात होते, ‘नेहमीच्या कामात, माणसांत, सणावारात मन लागत नाही’. मावशी म्हणाल्या, “मन? सकाळी उठून चूल पेटवायचंही जिवावर येतं. भजनाला जाणं चार महिन्यांपासून सोडलं.” ‘स्वतःबद्दल नकारात्मक भावना’ याऐवजी विचारले, ‘आपण घरच्यांना कमी पडलो असं वाटतं का?’ त्या रडू लागल्या. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. काही गोड लागत नाही. खिन्न वाटते का, यावर मात्र त्या ‘कधी कधी’ म्हणाल्या. ‘नैराश्य’ हा शब्द विचारला असता तर उत्तर ‘नाही’ आले असते, याबद्दल मला शंका नाही. त्यांचे गुण १८ झाले. गाभ्यातला पहिला प्रश्न ‘जवळजवळ रोज’ या पायरीवर होता.

दिवस मोजण्याचा प्रश्नही असाच सोडवावा लागला. ‘गेल्या चौदा दिवसांत निम्म्याहून जास्त’ हा हिशेब कुणी मनात करत नाही. ‘मागच्या बाजाराच्या आधीचा बाजार झाला, तेव्हापासून’ म्हटले की दोन आठवडे डोळ्यांसमोर येतात.

नववा प्रश्न मृत्यूच्या विचारांचा. तो विचारायला आशाताई कचरत होत्या. विचारल्याने नसता विचार डोक्यात भरला तर? हा गैरसमज सर्वदूर आहे. मोकळेपणी, शांतपणे विचारल्याने असा विचार रुजत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. अडचण निराळीच आहे. मराठी बोलण्यात मरणाची अतिशयोक्ती फार. उकाड्याने ‘जीव नकोसा’ होतो, पाहुण्यांनी ‘जीव घेतला’, पोरांनी ‘जीव खाल्ला’. म्हणून या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की तिथे थांबू नये आणि घाबरूही नये, दुसरा प्रश्न विचारावा. मावशी म्हणाल्या, “देवानं उचललं तर बरं.” डॉक्टरांनी विचारले, “वैतागून म्हणता, की खरंच जगणं नको वाटतं? तसं काही करायचं कधी मनात आलं का?” बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, “करायचं नाही. पण रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये असं वाटतं.” मनात काही बेत नाही, पण विचार खरा आहे, एवढे त्यातून कळले. त्याप्रमाणे घरच्यांना विश्वासात घेतले गेले आणि पुढची भेट महिन्यानंतरची न ठरता त्याच आठवड्याची ठरली.

सौम्य शब्द वापरून आजार लपवला असता तर मावशींनी चौथा दवाखाना केला असता. त्यामुळे घाबरवू नये म्हणजे कमी सांगावे, असा अर्थ घेता येत नाही.

विदर्भातला अनुभव

सौम्य शब्द दार उघडायला वापरता येतो, याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे, आणि पूर्ण इंग्रजी नावात शब्द आहे ‘स्ट्रेस’, ‘डिप्रेशन’ नाही. काम मात्र डिप्रेशनचेच होते. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी आधी लोकांच्या भाषेत बोलायचे, मग समुपदेशन, आणि गरज असेल त्याला मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला उदासीचा आजार असलेल्या शंभरांतल्या जेमतेम ४.३ जणांनी त्यासाठी मदत घेतलेली होती. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ झाले. हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी कार्यक्रम न राबवलेली गावे त्यात नव्हती, त्यामुळे सगळा बदल या कार्यक्रमानेच झाला असे ठामपणे म्हणता येत नाही. आणि नावातल्या एका शब्दाला त्याचे श्रेय देणे तर चूकच ठरेल, कारण घरोघर जाणारी माणसेही होती. पण क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ओळखीच्या शब्दाने बोलणे सुरू करायचे, लक्षणे विचारायची, आणि आजाराचे नाव ज्याला तो आहे त्यालाच, समोर बसून, उपचारासकट सांगायचे.

नवा कागद

आमच्या पत्रिकेचा शेवट आता असा आहे. दहाच्या वर गुण असले तर कागदावर निदान छापले जात नाही. तिथे लिहिलेले असते : ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला बराच त्रास झालेला दिसतो. हे थकवा, झोप, रक्त कमी असणे, थायरॉइड किंवा उदासीचा आजार यांपैकी कशानेही असू शकते. डॉक्टरांशी बोला म्हणजे कारण कळेल. यावर उपचार आहेत.’ खाली १४४१६ हा क्रमांक असतो. २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कुठलेही उत्तर आले तर तो कागद हाती देऊन माणसाला घरी पाठवायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांनी बोलायचे, अशी सूचना तपासणाऱ्यांसाठी वेगळी आहे.

टर्नरची रक्ततपासणी ठीक आली. दिवसपाळी सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी तीच पत्रिका भरली तेव्हा गुण ४ झाले. “आता काय लिहाल?” त्यांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, “काही नाही. झोपत जा.” मुलीचे लग्न वैशाखात झाले. जुना कागद त्यांच्या पत्नीने केव्हाच चुलीत घातला होता.

मावशींना डॉक्टरांनी नाव घेऊनच सांगितले : “तुम्हाला उदासीचा आजार आहे. अंगात कष्ट करायची ताकद नाही असं वाटतं ते त्यामुळेच. तुम्ही आळशी नाही आणि तुमची काही चूक नाही. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, मध्येच सोडू नका.” मी बाहेरच्या बाकावर होतो. नाव ऐकून त्या घाबरतील, अशी मला धास्ती होती. बाहेर आल्यावर त्यांनी सुनेला एवढेच विचारले, “म्हणजे आजारच होता ना? मग मी काय मुद्दाम करत होते?” आणि पदराने डोळे पुसले.